‘रामतिल’ म्हणजे तीळ का? चटणीच्या लेबलावरच्या संवादातले शब्द

पाठमाला : मराठी शिकणाऱ्या परदेशी लोकांसाठी एक छोटा संवाद लिहिला आहे. जागा सोलापूर, चटण्यांचं दुकान. पर्यटक बाईंना तिळाची अ‍ॅलर्जी आहे आणि त्यांच्या फोनमध्ये दोन पाकिटांचे फोटो आहेत. शब्द बरोबर आहेत का, सांगा.

— दादा, हे फोटो बघता का? मला तीळ चालत नाही.
— दाखवा की. ही शेंगा चटणी. शेंगदाणे, तिखट, लसूण, जिरं, मीठ. तीळ दिसत नाही यात.
— आणि ही? इथे ‘रामतिल’ लिहिलंय.
— ते कारळं ओ. तीळ नव्हे.
— पुढे बघा. ‘रामतिल, मूंगफली, लाल मिर्च, लहसुन, नमक, ति…’ पुढचं फोटोत नाही.
— ते तिखट असणार. घ्या की.

भाकरतुकडा : दुकानदार चुकतोय. कारळे म्हणजे काळे तीळच. नावातच तीळ आहे.

करडई : नाही. दोन्ही तेलबिया, दोन्हींची चटणी होते आणि रंगानं फसायला होतं, एवढं खरं. पण कारळा सूर्यफुलाच्या कुळातला. त्याचं बी लांबट, अरुंद आणि चकचकीत असतं. काळा तीळ चपटा, एका टोकाला निमुळता. हिंदीत कारळ्याला रामतिल म्हणतात, आपल्याकडे काही भागांत खुरासणी. तेव्हा ‘ते कारळं’ हे दुकानदाराचं वाक्य अगदी बरोबर आहे.

चूक शेवटच्या ओळीत आहे. लेबल हिंदीत आहे. मूंगफली, लहसुन, नमक हे सगळे हिंदी शब्द. अशा यादीत ‘तिखट’ कुठून येईल? शिवाय लाल मिर्च आधीच लिहून झाली आहे. मराठीत तीळ दीर्घ, हिंदीत ‘तिल’ ऱ्हस्व. म्हणून तुटलेला ‘ति’ हा ‘तिल’ असण्याचीच शक्यता जास्त. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात, त्यामुळे तो शेवटी असला तर प्रमाण कमी असेल; पण अ‍ॅलर्जीला थोडाही तीळ पुरतो. दुकानदारानं ‘घ्या की’ म्हणण्याऐवजी फडताळातून तेच पाकीट काढून मागची बाजू वाचावी. संवाद तिथंच वळवा.

पेठकरी : शेंगा चटणीबद्दल शंका. ‘शेंगा’ वाचून परदेशी माणसाला शेवग्याच्या किंवा गवारीच्या शेंगा वाटतील. पुण्यात आम्ही ‘दाण्याची चटणी’ म्हणतो. तेच लिहा.

करडई : सोलापुरात ते कानाला खटकेल. इथं शेंगा म्हणजे भुईमूग, म्हणून शेंगा चटणी, शेंगापोळी. पलीकडे विजापूर-कलबुर्गीकडं कानडीतही शेंगाच. शब्द तसाच ठेवा आणि बाईंना विचारू द्या, ‘शेंगा म्हणजे शेंगदाणे ना?’

घरगुती_मसाले : माझ्या पाकिटासाठी विचारते, कारळं लिहू की खुरासणी? आणि अ‍ॅलर्जीचं वेगळं लिहिलेलं असतंच ना? बाईंनी तेवढंच वाचावं.

करडई : शेंगदाण्याच्या बाबतीत ठीक. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबल नियमांत अ‍ॅलर्जीकारक पदार्थांच्या यादीत शेंगदाणा आहे, तीळ नाही. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळही जाहीर करावा लागतो. तिथून आलेली व्यक्ती ती ओळ शोधेल, तीळ दिसणार नाही, आणि तिला वाटेल पाकीट निर्धोक आहे. म्हणून घटकांची पूर्ण यादीच वाचायची. तुमच्या पाकिटावर मात्र ‘कारळे (खुरासणी)’ असं दोन्ही लिहा.

पाठमाला : आणि ‘मला तीळ चालत नाही’?

करडई : हे बदलाच. ‘चालत नाही’ आपण उपवासाला म्हणतो, पथ्याला म्हणतो, नावडीलाही म्हणतो. दुकानदार सहज म्हणेल, ‘थोडाच आहे.’ बाईंना असं बोलू द्या : ‘तीळ थोडा जरी पोटात गेला तरी माझा घसा सुजतो, श्वास अडकतो.’ मग तो आपण होऊन सांगेल की शेंगा चटणी ज्या यंत्रात कुटली त्यातच तिळाची चटणीही कुटतात का. हे लेबलावर असेलच असं नाही. सुटी चटणी तर यात धरूच नका. तिला लेबल नसतं आणि बरण्यांतून चमचाही एकच फिरतो.

फोटोचं एक वाक्यही घाला. तेलकट प्लॅस्टिकवर ट्यूबलाइट चमकते आणि पाकिटाच्या चुणीत अक्षरं जातात. ‘पाकीट सपाट धरा, जरा तिरकं करा, दोन फोटो काढा’ एवढं दुकानदार सांगेल.

भाकरतुकडा : कारळ्याचं पटलं. पण ‘श्वास अडकतो’ गिऱ्हाईक दुकानात म्हणेल का? ‘मला तिळाची अ‍ॅलर्जी आहे’ एवढं आता सगळ्यांना कळतं.

करडई : शब्द कळतो. कित्येकांना त्यातून अंगावर पित्त उठणं एवढंच डोळ्यासमोर येतं.

पाठमाला : दोन्ही वाक्यं लागोपाठ ठेवते. शेवट असा केला आहे :

— थांबा, तेच पाकीट काढतो. हे बघा, ‘नमक, तिल’. हे नको तुम्हाला.
— आणि शेंगा चटणी?
— यादीत तीळ नाही, पण कुठल्या यंत्रात कुटलीय ते करणाऱ्याला फोन करून विचारतो. तोवर उघडू नका.