विषय: चकलीची भाजणी, रील आणि दिवाळीचा स्टॉल: शुक्रवारपर्यंत ठरवायचंय

मेधा:
मंडळी, प्राजक्ताला आणि कमिटीला एकाच मेलमध्ये विचारतेय, म्हणजे मागच्या वेळसारखं "मला वेगळंच सांगितलं होतं" व्हायला नको. माझ्या भाजणीचं पाकीट १२ डॉलरला. प्राजक्ताने एक रील करावं. तिच्या कोडवर गिऱ्हाइकाला १० टक्के सूट आणि उरलेल्या रकमेवर तिला १५ टक्के. मंडळाच्या कोडवरही तसंच. मंडळाने मेलमध्ये "एडिसनमधली सर्वांत खुसखुशीत भाजणी, आजच मागवा" एवढी ओळ टाकावी, आणि त्या दिवशी हॉलमध्ये दुसरा भाजणीचा स्टॉल नको.

जयश्री:
दुसरा स्टॉल म्हणजे माझाच ना? मग नाव घेऊन लिही की.

प्राजक्ता:
मेधाताई, ३० पाकिटं खपली तर माझ्या हातात ४८ डॉलर ६० सेंट येतात. त्यात एक अख्खा शनिवार, तळणीचा वास बसलेला कॅमेरा आणि रात्रीचं एडिटिंग. शिवाय माल संपला की माझी मिळकतही संपली, त्यात माझा काय दोष? मला १५० ठरीव हवेत. नसेल जमत तर नुसती दोन पाकिटं दे, मला आवडली तर मी दाखवीन. पैसे नसले की जाहिरात म्हणून लिहायचीही गरज नाही.

वसंतकाका:
रीलमध्ये चकली तळताना तेलात विरघळली, तर मोहन जास्त झालंय असं समजा. इथे नवीन आलो तेव्हा आमच्या हिने अंदाजाने मोहन घातलं आणि कढईत नुसता चुरा. पीठ मळल्यावर आधी एकच चकली तळून बघायची, मग बाकीच्या पाडायच्या.

श्रीकांत (खजिनदार):
प्राजक्ता, फुकट पाकीटही मोबदल्यातच धरतात. एफटीसी म्हणजे इथल्या व्यापार आयोगाच्या नियमात पैसे, माल, नातं, सगळं आलं, आणि ते बघणाऱ्याच्या सहज नजरेत यावं लागतं. खाली वीस हॅशटॅगांत `#ad` दडवून भागत नाही. व्हिडिओतच तोंडाने सांग आणि अक्षरंही दाखव. "मेधाताईंचे आभार" एवढ्याने काही कळत नाही.

आता मेधाचा हिशोब. पीठ, पाकीट, लेबल धरून ५ डॉलर खर्च (तूच मागे सांगितलेला), सूट १.२०, कार्डवाल्यांचे साधारण ६० सेंट. १२ मधून उरले ५.२०. प्राजक्ताला १५० ठरीव दिले तर २९ पाकिटं विकेपर्यंत तुझ्या हाती काहीच नाही. नुसतं कमिशन ठेवलं तर पाकिटामागे ३.५८ उरतात, पण सगळी जोखीम तिच्या गळ्यात. ७५ ठरीव आणि वर १५ टक्के केलंत तर २१ पाकिटांत तुझे ७५ सुटतात. तीस खपली तर तिला १२३.६० मिळतात. मला तरी हेच बरं वाटतं. रील पुढे तू पैसे लावून जाहिरात म्हणून चालवणार असशील तर किती दिवस आणि त्याचे किती, तेही आत्ताच लिहून घ्या. भांडणं तिथेच होतात.

मंडळाचं मात्र वेगळं आहे. आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त संस्था. प्रायोजक म्हणून ठरीव रक्कम घेतली, नाव, लोगो, फोन आणि "चकलीची भाजणी मिळते" एवढं साधं छापलं तर तो पाठिंबा. "सर्वांत खुसखुशीत", "आजच मागवा" किंवा किंमत लिहिली की ती जाहिरात, आणि ते पैसे आपल्या करमुक्त कामाबाहेरचं उत्पन्न ठरू शकतात. असं ढोबळ उत्पन्न वर्षात १,००० डॉलरला पोचलं की ९९०-टी हा कराचा फॉर्म भरायचा. विक्रीवर टक्केवारी घेणं मला म्हणूनच नको. एकटा प्रायोजक चालेल, पण "हॉलमध्ये फक्त हिचाच माल" हे कलम प्रायोजकत्वाच्या करसवलतीत बसत नाही.

जयश्री:
म्हणजे माझा स्टॉल कायद्यानेच राहिला.

श्रीकांत:
काकू, तुम्हाला स्टॉल द्यायलाच हवा असं मी म्हणालो नाही. तिच्याकडून पैसे घेऊन तुम्हाला अडवलं, तर तेवढा भाग प्रायोजकत्वात धरता येणार नाही. अंतिम काय ते आपल्या अकाउंटंटला विचारतो.

मेधा:
प्राजक्ता, ७५ अधिक १५ टक्के. ७५ रील टाकायच्या आधी, कमिशन महिनाअखेर, कोडचा हिशोब तुला दिसेल असा शीटमध्ये. पैसे लावून चालवायचं झालं तर आधी विचारीन आणि वेगळे देईन. चकली बिघडली तर तसं खरं सांग, फक्त टाकण्यापूर्वी मला एकदा दाखव, लेबलावरचे घटक चुकायला नकोत. मंडळाला टक्केवारी नाही, १०० डॉलर प्रायोजक म्हणून, "आजच मागवा" काढलं.

प्राजक्ता:
घटक तपास, पण माझं मत बदलायला सांगू नकोस. तीन महिने दुसऱ्या कुणाची भाजणी दाखवायची नाही असं असेल तर ७५ पुरणार नाहीत. जयश्रीकाकूंनी पण विचारलंय मला.

मेधा:
कधी विचारलं?

जयश्री:
ते सोड. दाराजवळचं टेबल कुणाचं ते आधी सांगा, श्रीकांत.