झे, व्येद, नू: भाषांतरात ठेवावेत की गाळावेत?

शाईदौत: एका रशियन कथेचे मराठी भाषांतर करताना तीन ओळींपाशी अडले आहे. मुलगा मध्यरात्री घरी येतो, आई दारातच उभी असते. आई म्हणते, ‘ती झे अबिशाल!’ मुलगा म्हणतो, ‘नू, अबिशाल.’ मग आई म्हणते, ‘या व्येद झ्दाला.’ शब्दशः पाहिले तर ‘तू शब्द दिला होतास’, ‘दिला होता’ आणि ‘मी वाट पाहत होते’ एवढेच उरते. झे, नू आणि व्येद यांतल्या प्रत्येकाला मराठीत जागा मिळालीच पाहिजे, असे माझे मत आहे. आपणांस काय वाटते?

कोरीपाटी: मी असहमत आहे. हे शब्द बोलण्याच्या ओघात येतात, त्यांना स्वतंत्र अर्थ नसतो. झे म्हणजे आपला ‘च’, कारण ‘तोत झे’ म्हणजे ‘तोच’. तेव्हा ‘तूच शब्द दिला होतास’ असे लिहावे आणि बाकीचे दोन्ही शब्द सरळ गाळावेत.

उंबरठा: ‘तोत झे’बद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, पण तोच नियम येथे लावला तर वाक्याचा अर्थच बदलतो. ‘तूच शब्द दिला होतास’ म्हणजे दुसऱ्या कोणी नव्हे, तू. आणि शब्द कोणी दिला, हा तर वादच नाही. झे असे सांगतो की ही गोष्ट तुला ठाऊक आहे आणि तरीही तू तिच्या विरुद्ध वागतो आहेस. तो वाक्याच्या आरंभी कधी येत नाही, ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याला चिकटून मागे येतो. मराठीत त्याच जागी बसणारा शब्द आपल्याकडे आहेच: ‘तू तर शब्द दिला होतास!’ यात ‘च’ नसूनही तक्रार पुरेपूर उतरते.

व्येदची जात निराळी आहे. ‘जाणणे’ या अर्थाच्या जुन्या क्रियापदापासून तो आला असून आपल्या ‘विद्’ धातूशी त्याचे नाते आहे. ऐकणाऱ्यालाही हे माहीत आहे असे धरून तो बोलतो, पण झेसारखे त्याला कोंडीत पकडत नाही. समजून घे, एवढेच विनवतो. म्हणून आईचे तिसरे वाक्य मी ‘मी वाट पाहत होते रे’ असे करीन. येथे रशियनमध्ये नसलेला ‘रे’ आला, हे खरे. मुलाच्या जागी नवरा असता तर मात्र हाच ‘रे’ काही घरांत चालला असता आणि काही घरांत मुळीच नाही. हा पेच रशियन लेखकाला पडत नाही, आपल्याला पडतो.

भटकंती: मी इर्कुत्स्कला वैद्यकीय शिक्षण घेत असताना पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली होती. वसतिगृहाच्या व्यवस्थापिका बाईंना मी ‘गरम पाणी आहे का?’ असे विचारले. त्या म्हणाल्या, ‘नू.’ पुढे काही येईल म्हणून मी बादली घेऊन उभा राहिलो, पण त्यांचे उत्तर तेवढ्यावरच संपले होते. सैबेरियात नुसता ‘नू’ म्हणजे ‘हो’. मग मुलाचा ‘नू’देखील ‘हो’च नव्हे का?

उंबरठा: कथेतला मुलगा सैबेरियाचा असला तरी येथे ‘नू’नंतर क्रियापद आले आहे. कबुली नाइलाजाने दिलेली आहे आणि ‘त्याचे काय एवढे?’ हा सूर तिच्यात दडलेला आहे. ‘हो, दिला होता’ म्हटले तर मुलगा आज्ञाधारक वाटेल. ‘बरं, दिला होता, मग?’ म्हटले तर उद्धटपणा थोडा अधिक येतो, पण दिशा बरोबर राहते.

कोरीपाटी: ‘च’बाबत मी माघार घेतो. परंतु ‘तू तर’वर माझा आक्षेप आहे. हे वाक्य एकटे वाचले तर इतरांशी तुलना असल्यासारखे वाटते: बाकीच्यांचे सोडा, तू तर शब्द दिला होतास. ‘शब्द दिला होतास ना!’ का नको? आपली आई हेच म्हणेल.

शाईदौत: मी दोन्ही वाक्ये मोठ्याने वाचून पाहिली. ‘ना’ घेतला की आई उत्तराची वाट पाहते, आणि मुलाचे ‘बरं, दिला होता, मग?’ त्याला नीट जुळते. ‘तर’ घेतला की ती उत्तर मागत नाही, निव्वळ दोष देते. मूळ वाक्यात उद्गारचिन्ह आहे, प्रश्नचिन्ह नाही, म्हणून तूर्त ‘तर’ ठेवते. मात्र पुढच्याच पानावर हीच आई डॉक्टरांना ‘वी झे व्राच!’ म्हणते. तेथे ‘तुम्ही तर डॉक्टर आहात!’ हे कौतुकासारखे ऐकू येते आणि तिला कौतुक मुळीच करायचे नाही.

उंबरठा: तेथे मीही अडलो असतो. ‘अहो, डॉक्टर आहात ना तुम्ही!’ असे सुचते, पण मग कोरीपाटींचा ‘ना’ मागच्या दाराने आत येतो.