‘फासिक’ला मराठीत काय म्हणाल? (आणि ‘काफिर’ला ‘नास्तिक’ चालेल का?)

अनुवादिनी
इस्लामच्या पहिल्या शतकात सुरू झालेल्या एका वादावरचा लेख मराठीत करते आहे. वादाचा प्रश्न एवढाच: मुसलमान माणसाने मोठं पाप केलं, समजा खून केला, आणि पश्चात्ताप न करता मेला, तर तो मोमिन राहिला की नाही? खारिजी नावाचा गट म्हणाला तो काफिर. मुर्जी नावाचा गट म्हणाला मोमिन. इराकमधल्या बसऱ्याचे विद्वान हसन बसरी यांचं मत, तो मुनाफिक. आणि त्यांच्याच बैठकीतून उठून गेलेला वासिल इब्न अता म्हणाला, ना मोमिन ना काफिर, तो फासिक.

मोमिन, काफिर, मुनाफिक आणि फासिक यांना मी अनुक्रमे आस्तिक, नास्तिक, दांभिक आणि पापी असे चार शब्द योजले होते. संपादकांनी चारही शब्दांवर काट मारून पान परत पाठवलं. ‘मोमिन’ला ‘ईमानवंत’ केलं, ‘दांभिक’ही सोडून देईन, पण ‘फासिक’ला काही सुचत नाही. मदत करा.

शुद्धमराठी
तुमचे शब्द उत्तम होते. संपादकांचं ऐकू नका. ‘आस्तिक’ आणि ‘नास्तिक’ हे शब्द असताना अरबी शब्द कशाला आयात करायचे? वासिलच्या मताला ‘मध्यमावस्था’ म्हणा. वाचकाला एका क्षणात कळेल.

बसऱ्याची_वाट
कळेल, पण चुकीचं कळेल. खारिजी ज्याला काफिर म्हणत होते तो रोज पाच वेळा नमाज पढणारा माणूस होता. देव नाही असं त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. त्याला नास्तिक म्हटलं की सगळा वादच खुळचट वाटायला लागतो.

‘कुफ्र’चं मूळ झाकण्यात आहे. कुरआनात एके ठिकाणी (५७:२०) शेतकऱ्यांसाठीही हाच शब्द येतो, कारण ते बी मातीखाली झाकतात. उपकार झाकून टाकतो तोही काफिर. म्हणून कुरआनात ‘शुक्र’च्या समोर ‘कुफ्र’ येतो. ‘शुक्र’ म्हणजे कृतज्ञता. मग समोरचा शब्द मराठीत आयताच आहे: कृतघ्न.

अनुवादिनी
‘कृतघ्न’ सुंदर आहे! पण ‘खारिजींनी त्याला कृतघ्न ठरवून ठार मारलं’ असं वाक्य झालं तर वाचक गोंधळेल ना?

बसऱ्याची_वाट
तिथे ‘काफिर’च ठेवा. मराठी वाचकाला ‘काफर’ माहीत आहे. ‘कृतघ्न’ लागेल तो ओमानातल्या इबाजी या दुसऱ्या गटाच्या वेळी. त्यांच्याबद्दल इथे कोणी मस्कतला राहिलेलं असेल तर मला ऐकायला आवडेल.

दिवाणी_दावा
मी वकील आहे, अरबी येत नाही, पण ‘खारीज’ हा शब्द रोज वापरतो. दावा खारीज, अर्ज खारीज. म्हणजे ज्यांना समाजाने काढून टाकलं ते खारिजी, बरोबर? आणि मुर्जींचं जे वर्णन वाचलं, की पापी माणसाचा निवाडा देवावर सोडून द्या, आपण करू नका, त्याला आमच्याकडे नेमका शब्द आहे: तहकूब. सुनावणी तहकूब. एकीकडे खारीज, दुसरीकडे तहकूब. अनुवादात हे दोन शब्द वापरा.

बसऱ्याची_वाट
वकीलसाहेब, ‘तहकूब’ तुम्ही अगदी मर्मावर ठेवलात. ‘इर्जा’ म्हणजे पुढे ढकलणं, लांबणीवर टाकणं. कुरआनात (९:१०६) काही लोकांबद्दल म्हटलंय की त्यांचा निकाल अल्लाहच्या हुकमापर्यंत राखून ठेवला आहे. तिथे हीच क्रिया आहे. तिसरे खलिफा उस्मान आणि चौथे खलिफा अली यांच्यात कोण बरोबर होतं याचाही निकाल आपण देऊ नये, इथून मुर्जींची सुरुवात झाली.

‘खारीज’ मात्र उलटं आहे. धातू तोच, पण अर्थ ‘बाहेर पडलेला’. त्यांना कोणी काढलं नव्हतं. ६५७ मध्ये सिफ्फीनला अली आणि सीरियाचा सुभेदार मुआविया यांची लढाई चालू असताना लवाद नेमायचं ठरलं. अलींच्या सैन्यातले काही जण म्हणाले, निवाडा करायचा हक्क फक्त अल्लाहचा, माणसांना लवाद नेमलं हेच पाप. अलींच्या राजधानीला, कूफ्याला, परतताना ते वेगळे होऊन जवळच्या हरूराला जाऊन बसले. त्यांची घोषणा होती ‘ला हुक्म इल्ला लिल्लाह’. आपला ‘हुकूम’ तो हाच. अलींचं त्यावरचं उत्तर प्रसिद्ध आहे: बोल खरा आहे, पण त्यातून साधायचंय ते खोटं.

म्हणून हा वाद मुळात मदरशात बसून सुचलेला नाही. अलींनी लवाद मान्य केला, ते पाप, पाप केलं म्हणून काफिर, काफिर म्हणून त्यांच्याशी लढायला हरकत नाही. पायरीपायरीने तलवारीपर्यंत जाणारा हा तर्क होता. ६५८ मध्ये नहरवानला अलींनी त्यांचा मोड केला आणि ६६१ मध्ये त्यांच्यातल्याच एकाने कूफ्याच्या मशिदीत अलींवर घाव घातला.

ओटीवरून
मुर्जीचा अर्थ मी वेगळा वाचलाय. ‘रजा’ म्हणजे आशा. पापी माणसाला क्षमेची आशा दाखवणारे ते मुर्जी. ‘तहकूब’पेक्षा ‘आशावादी’ म्हणा.

बसऱ्याची_वाट
तुमचं वाचन चुकीचं नाही. बाराव्या शतकातला पंथांचा अभ्यासक शहरस्तानी दोन्ही व्युत्पत्ती देतो. पण धातू दोन वेगळे आहेत आणि आधीच्या काळात ‘लांबणीवर टाकणं’ हाच अर्थ प्रधान दिसतो. शिवाय हे नाव बहुधा विरोधकच द्यायचे. हनफी परंपरेचे इमाम अबू हनीफा यांनी बसऱ्याच्या उस्मान अल-बत्ती यांना लिहिलेल्या पत्रात तक्रारच केली आहे की आम्हाला हे नाव का चिकटवता.

माहेर_सातारा
मला प्रश्न नीट कळला नसेल, पण आमच्याकडे ‘ईमान’चा देवाशी संबंध नाहीच. आजी म्हणायची, मोत्या कुत्रा फार इमानी. आमचा गडी दाण्याच्या पोत्यांत हात मारताना सापडला तेव्हा आजोबा म्हणाले, बेइमान झाला. त्याच्या देवपूजेबद्दल कोणी बोललं नाही. मग पाप केलेला माणूस बेइमान होतो, हे खारिजींचं म्हणणं मराठीत आपोआप खरं ठरत नाही का?

बसऱ्याची_वाट
ताई, प्रश्न तुम्हाला नीटच कळला आहे. मराठीत ‘ईमान’ वागण्यात उतरलंय, म्हणून इथे कृती बिघडली की ईमान गेलं. मुर्जींनी नेमकं हेच नाकारलं: ईमान म्हणजे मनाची मान्यता आणि तोंडचा शब्द, कृती त्याच्या बाहेर. अनुवादिनी, ‘ईमानवंत’ वापरताना हा धोका आहे. मराठी वाचक न कळत खारिजींच्या बाजूला झुकेल.

मस्कतकर
मला हाक मारलीत म्हणून लिहितो. आम्ही रत्नागिरीकडचे, शाफई परंपरेचे सुन्नी. मी मस्कतला अकरा वर्षं गॅरेजमध्ये होतो. तिथले बरेच ओमानी इबाजी. पहिल्या दिवशी शेजारी नमाजला उभा राहिलेला माणूस हात बांधेना, सरळ खाली सोडलेले. फातिहा संपल्यावर आमीनही म्हणेना. मी घाबरलो. खोलीवरचे म्हणाले, ते खारिजी आहेत, लांब राहा.

वर्षभराने त्याच्याशी दोस्ती झाली तेव्हा विचारलं, तुमच्या लेखी आम्ही कोण? तो म्हणाला, आमच्यासारखेच मक्केच्या दिशेला, किबल्याकडे, तोंड करणारे, आणखी कोण? तुमच्यात सोयरीक होते, तुमच्या हातचं कापलेलं आम्ही खातो, तुमचा माल लुटणं आम्हाला हराम. आणि खारिजी म्हणू नका, त्याचा आम्हाला राग येतो. पापी माणसाबद्दल विचारलं तर म्हणाला, तो कुफ्र करतो, पण ‘कुफ्र निअमत’, देवाने दिलेल्याची जाणीव न ठेवण्याचा. वरती ‘कृतघ्न’ वाचलं आणि त्याचीच आठवण झाली.

बसऱ्याची_वाट
हेच ऐकायचं होतं. शब्द खारिजींचाच ठेवला, ‘कुफ्र’, पण धार काढून घेतली. इबाजींसाठी ‘कृतघ्न’ वापरा, डोळे मिटून.

खारिजींमधले टोकाचे होते ते अजरकी, नाफिअ इब्न अल-अजरकचे लोक. त्यांच्याही आधीच्या खारिजींची नहरवानजवळची हकीकत इतिहासकार सांगतात. वाटेत त्यांना पैगंबरांच्या एका सहकाऱ्याचा मुलगा अब्दुल्लाह इब्न खब्बाब भेटला, सोबत गरोदर बायको. त्याला अलींबद्दल विचारलं, त्याने चांगलं सांगितलं. त्याला धरून नेताना एकाने झाडाखाली पडलेला खजूर तोंडात टाकला. दुसरा ओरडला, मालकाला न विचारता, पैसे न देता? त्याने तो थुंकून टाकला. कोणाचं तरी डुक्कर मारलं गेलं, तर मालकाला गाठून भरपाई दिली. मग अब्दुल्लाहला कापलं आणि त्याच्या बायकोचं पोट फाडलं. खजुराबाबत इतकी काळजी आणि माणसाबाबत ही गत, कारण एकदा काफिर ठरला की त्याच्या रक्ताला हिशेब उरत नव्हता.

अनुवादिनी
हे वाचून हात थांबला. पण ‘फासिक’ अजून बाकी आहे.

बसऱ्याची_वाट
वासिलच्या बाजूने सांगतात तो युक्तिवाद पाहा. खारिजी म्हणतात काफिर आणि फासिक. मुर्जी म्हणतात मोमिन आणि फासिक. हसन म्हणतात मुनाफिक आणि फासिक. म्हणजे फासिक सगळ्यांना मान्य, भांडण दुसऱ्या शब्दाचं. मग मान्य आहे तेवढं घ्या, भांडणाचं सोडा.

तुमच्या उदाहरणातला खुनी घ्या. अजरकींच्या लेखी त्याचं लग्न तुटलं, वारसा तुटला. मुर्जींच्या लेखी काहीच तुटलं नाही. वासिलच्या लेखी इथे या जगात बायको त्याची, वारसा मुलांना, दफन मुसलमानांत. मात्र पश्चात्ताप न करता मेला तर नरक कायमचा, काफिराहून शिक्षा थोडी हलकी. म्हणून मराठी शब्द असा हवा की चौघांनाही चालेल. ‘पापी’ फार सैल, लहान चूक करणाराही पापी. अरबीत ‘फसक’ म्हणजे पिकलेला खजूर सालीबाहेर येणं.

शुद्धमराठी
मग ‘पतित’ घ्या. शुद्ध, जुना, वजनदार.

दिवाणी_दावा
‘पतित’ला माझी हरकत. धर्मशास्त्रात पतित झालेल्याच्या नावाने तो जिवंत असतानाच पाण्याचा घडा उलथवत, मेल्यासारखं त्याचं उदक करत, आणि मग व्यवहार बंद. आपला ‘घटस्फोट’ तिथूनच आला. सोयरीक बंद, वाटा बंद. म्हणजे हा तर अजरकींचा निकाल झाला, वासिलचा नाही.

शुद्धमराठी
शास्त्रातलं सोडा, लोक काय म्हणतात ते पाहा. ‘पतितपावन’ म्हणणाऱ्या वारकऱ्याच्या मनात पतित म्हणजे देवाने टाकलेला नाही, देवाने उचलायचा माणूस. वापर बघायचा म्हणता ना तुम्ही सगळे?

ओटीवरून
म्हणजे एकाच शब्दात खारिजीही आले आणि मुर्जीही. मग वासिलसाठी तो कसा चालेल?

अनुवादिनी
‘मर्यादाभंगी’ कसा वाटतो? साल फोडून बाहेर आलेला, पण झाडाखालीच असलेला.

बसऱ्याची_वाट
अर्थ बसतो. उच्चारताना मात्र सरकारी परिपत्रक वाटतं. मी ‘फासिक’च ठेवला असता.

मस्कतकर
आमच्या घरात ‘फासिक’ शिवी म्हणून ऐकलाय. मोठे चुलते दारू प्यायचे तेव्हा आजी म्हणायची, फासिक आहे, पण जेवायला वाढा त्याला.

माहेर_सातारा
मग आजी कोणत्या गटातली?

शुद्धमराठी
‘मध्यमावस्था’बद्दल अजून कोणी काही बोललं नाही.

बसऱ्याची_वाट
वासिलचा मूळ शब्द आहे ‘मंजिला’, दोन मंजिलांमधली मंजिला. ‘मजल दरमजल’मधली मजल त्याच कुळातली. मला ‘दोन मजलांमधली मजल’ आवडेल.

शुद्धमराठी
मजल म्हणजे चालत काढायचं अंतर. वासिल तर स्थान म्हणतोय. हा माणूस वाटेत आहे की मुक्कामाला?