‘आज संबंध ठेवा’ असं डॉक्टर सांगतात, त्या रात्रीचे अनुभव

वेलीची_माणसं (तासगाव)

आमच्या स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरं टांगलेली आहेत. एक नवऱ्याचं, त्यात द्राक्षबागेच्या छाटणीपासूनचे दिवस मोजलेले असतात. कितव्या दिवशी कुठला फवारा, कधी डिपिंग, सगळं. दुसरं माझं, त्यात पाळीपासूनचे दिवस. परवा सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, “तुझा आज कितवा?” बागेचा दिवस विचारावा तशा आवाजात विचारलं आणि मला रडू आलं. त्यांना कळेना काय झालं.

लग्नाला सहा वर्षं झाली. दीड वर्ष मिरजेत उपचार चालू आहेत. दोघांचेही रिपोर्ट तसे बरे आहेत, म्हणजे नेमकं कारण सापडलेलं नाही. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळ्या, नवव्या दिवसापासून दिवसाआड आतून सोनोग्राफी. गेल्या महिन्यात नवव्या दिवशी अंडं 14 मिलिमीटरचं होतं, अकराव्या दिवशी 18. रात्री दहाला इंजेक्शन घेतलं. साधारण छत्तीस तासांनी अंडं फुटेल, उद्या आणि परवा संबंध ठेवा, असं सांगून पाठवलं.

दुसऱ्या रात्री त्यांना जमलं नाही. तिसऱ्या रात्रीही नाही. पाठ करून पडले आणि म्हणाले, “आज काय मला जमंना बघ.” मग उशी घेऊन बागेतल्या शेडवर झोपायला गेले. मी अंधारात पडून हिशेब करत होते, इतके तास झाले, इतके उरले. त्यांच्याबद्दल काहीच वाटलं नाही मला त्या वेळी, फक्त तासांबद्दल वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

दुसरी गोष्ट सांगायला जड जातं. दर दोन दिवसांनी टेबलावर पाय वर करून पडायचं, पडद्याकडे बघून कुणीतरी आकडे सांगणार, दुसरी बाई लिहून घेणार. घरी आल्यावर ते जवळ आले तरी माझं अंग आपोआप तसंच पडून राहतं. तपासायला पडल्यासारखं. पूर्वी मला पाठीवर त्यांचा हात आवडायचा. आता हात पडला की पहिला विचार येतो, आज कितवा दिवस?

या रात्रींमधून जे गेलेत त्यांनी लिहावं ही विनंती. डॉक्टरांची नावं, दवाखान्यांची नावं नकोत. घरात, अंथरुणात काय झालं आणि त्यातून काही वाट निघाली का, तेवढंच लिहा.

कराडचा_गडी

ताई, तुमच्या मिस्टरांच्या जागी मी होतो म्हणून लिहितोय. आमच्यात दोष माझ्यात निघाला. पहिल्या रिपोर्टमध्ये एका मिलीला 6 दशलक्ष शुक्रजंतू. किमान 16 तरी लागतात म्हणाले. नमुना द्यायची खोली म्हणजे लॅबचं बाथरूम होतं. कडी लागत नव्हती, बाहेर बाकावर लोक रिपोर्टसाठी बसलेले, आणि कुणीतरी दारावर थाप मारून विचारलं, “झालं का?” मी बत्तीस वर्षांचा माणूस, त्या डबीकडे बघत भिंतीला टेकून उभा होतो.

त्यानंतर मी नदीवर पोहायला जाणं सोडलं. शर्ट काढावासा वाटेना. शरीर बघितलं की वाटायचं, आत पोकळ आहे. बायको काही बोलली नाही, पण तिला जवळ घ्यायचं म्हटलं की मनात यायचं, कशाला, ह्याचा उपयोग काय?

मग जिम लावली. दंड भरले, छाती भरली, लोक म्हणायला लागले काय तब्येत केलीस. तिथल्या एकानं इंजेक्शनं सुचवली, ताकदीची, पुरुषपणाची म्हणून. आठवड्याला एक अशी चार महिने घेतली. इच्छाही वाढली, घरात सगळं पूर्वीसारखं व्हायला लागलं. मला वाटलं आता आकडा वाढला असणार. रिपोर्ट आला तो शून्य. एकही नाही. तुझ्या जिमच्या इंजेक्शनानं कारखाना बंद पाडलाय, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. आरशात जो सगळ्यात जास्त पुरुष दिसत होता त्याच्यात काहीच नव्हतं. बायकोला हे सांगायला मला अकरा दिवस लागले.

इंजेक्शनं बंद करून आठ महिने झाले. दंड उतरले. शेवटचा रिपोर्ट 4 चा आहे. पुढचं माहीत नाही.

अण्णा_वाईकर

मी वयानं मोठा आहे म्हणून सांगतो, राग मानू नका. आजची पोरं रोज घाई करतात. आमच्या वेळी सांगायचे, दहा-बारा दिवस ब्रह्मचर्य पाळा, बीज साठू द्या, मग एकदाच. माझ्या पुतण्याला हेच सांगितलं आणि त्याच्या घरी पाळणा हलला. त्या शेडवर झोपणाऱ्या जावईबापूंनाही हेच सांगा. शक्ती साठली की जमेल.

मिरजेची_सिस्टर

वंध्यत्वाच्या विभागात एकोणीस वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे.

अण्णा, साठवल्यावर प्रमाण वाढतं हे खरं, पण जुने झालेले शुक्रजंतू धड पळत नाहीत. नमुना द्यायच्या आधी दोन ते सात दिवसांचं अंतर सांगतात ते तपासणीसाठी. मूल राहण्यासाठी दर दोन-तीन दिवसांनी संबंध आला तर पुरतं. आणि दहा दिवस थांबून एकच रात्र ठेवली की त्या एका रात्रीचं ओझं केवढं होतं ते ताईंनी लिहिलंच आहे.

ताई, इंजेक्शनच्या रात्री न जमणं आमच्याकडे दर महिन्याला कुणाचं तरी व्हायचं. ते नामर्दपण नव्हे. ओळखायचं कसं, तर पहाटे झोपेतून उठताना ताठरता येते का, आणि तारीख नसलेल्या दिवशी जमतं का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर शरीर ठीक आहे, भीती आडवी येतेय. दोन्ही नाही असेल तर मात्र लाज न धरता साखर, बीपी, हार्मोन तपासून घ्यायचे. साखरेची पहिली खूण कधी कधी इथंच दिसते. मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. हृदयाची काही औषधं चालू असतील तर ती जिवावर बेतते. डॉक्टरांना सांगा, ते तपासून देतात.

आता तारखेचं. शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, अंडं जेमतेम एक दिवस. म्हणजे अंडं फुटायच्या आधी ते तिथं पोचलेले असले की झालं. ठरलेली रात्र हुकली म्हणून महिना गेला असं नसतं, दोन दिवस आधी संबंध आला असेल तर तोही धरला जातो. आम्ही काही जोडप्यांना सांगायचो, नवऱ्याला सोनोग्राफीचा आकडा सांगूच नका. नवव्या-दहाव्या दिवसापासून आठवडाभर एक दिवस आड जवळ या, तारीख फक्त बाईच्या डोक्यात राहू दे.

आणि तरीही दडपण येत असेल तर आधीच विचारून ठेवा: त्या दिवशी नाही जमलं तर घरून डबीत नमुना आणून आययूआय, म्हणजे तो नळीनं गर्भाशयात सोडणं, करता येईल का? डबी अंगाशी उबेत धरून तासाभरात पोचवायची. तासगाव-मिरज तेवढ्यात होतं. दुसरा रस्ता आहे हे कळल्यावर किती जणांना पहिलाच रस्ता जमला ते मी पाहिलंय.

कराडच्या दादा, आठ महिन्यांत शून्यावरून 4 म्हणजे कारखाना सुरू झालाय. एक पीक तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे दर महिन्याला तपासून जीव जाळू नका. पूर्ण भरून येईल का, हे आज कुणी सांगू शकत नाही.

सांगलीवाडीची_सून

मला पीसीओडी आहे. हनुवटीवर केस येतात. लग्नाआधीपासून चिमटा बाथरूममध्ये साबणाच्या डबीमागे ठेवलेला असतो. पहाटे पाचला उठते, दार लावून उपटते, मग चहा ठेवते. सात वर्षं ह्यांना दिवसाउजेडी माझा चेहरा जवळून बघू दिलेला नाही. दिवा बंद असल्याशिवाय जवळ येऊ देत नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक बाई म्हणाल्या, “वजन कमी कर गं, पोट बघून आम्हाला वाटलं गोड बातमी.” त्या रात्रीपासून ह्यांचा हात पोटावर आला की मी उचलून बाजूला ठेवते. दुखतंही. आतून कोरडं असतं, मन तयार नसताना नुसती तारीख म्हणून करायचं. थुंकी लावून भागवायचो.

मिरजेची_सिस्टर

सूनबाई, थुंकी नको आणि साधी जेलीही नको, दोन्हीनं शुक्रजंतू मंदावतात. त्यांना बाधणार नाही अशी वेगळी जेली येते, डॉक्टरांना विचारा. दुखत असेल तर त्या दिवशी थांबायचं, हे उपचारातच बसतं. केसांसाठीही उपाय आहेत, पण काही गोळ्या मूल राहण्याच्या प्रयत्नात चालत नाहीत, म्हणून आधी विचारून मगच. चिमट्याबद्दल मला सल्ला नाही. ह्यांना दाखवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

विटा_एक्सप्रेस

मिरजेत चांगला डॉक्टर कोण? माझ्या बहिणीला पण पीसीओडी आहे. अजून लग्न व्हायचंय. नंबर द्या.

वेलीची_माणसं (तासगाव)

नावं नकोत असं वर लिहिलंय दादा.

अंबा_साताऱ्याहून

आम्ही दोन वर्षांपूर्वी उपचार थांबवले. चार आययूआय, दोन आयव्हीएफ. सोडलं त्या रात्री मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. चार महिने आम्ही एकमेकांना शिवलोच नाही, कारण कारणच उरलं नव्हतं. आमचं जवळ येणं तारखेवर इतकं टांगलेलं होतं की तारीख गेल्यावर सुरुवात कुणी आणि कशी करायची तेच विसरलो होतो.

एकदा पावसात यवतेश्वरच्या घाटातून येताना गाडी बंद पडली. दोघं भिजलो. घरी आल्यावर ह्यांनी माझे केस पुसून दिले. त्याच्या पुढे काही झालं नाही. पण पुढच्या रविवारी मीच टॉवेल घेऊन त्यांच्यासमोर बसले. नुसतं तेवढंच बरेच आठवडे चाललं. सिस्टर म्हणतात तसा तपासणीचा, औषधाचा काही भाग आमच्यात नव्हता. इंजेक्शनाच्या गाठी मांडीवर होत्या, त्यांना हात लावून ते विचारायचे, “अजून दुखतं?”

मूल नाही. त्याचं दुःख आहे, रोजचं आहे. ते आणि हे वेगळं आहे, एवढं कळायला आम्हाला फार वेळ लागला. सूनबाई, दिव्याचं मलाही होतं. माझं ते अजून पूर्ण गेलेलं नाही.

कराडचा_गडी

सिस्टर, ‘कारखाना सुरू झालाय’ हे बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मला इंजेक्शनाआधीचा तूच बरा वाटायचास.” मला तेव्हा वाटायचं मी तिला नकोसा झालोय.

वेलीची_माणसं (तासगाव)

या महिन्यात सोनोग्राफीला एकटीच एसटीनं गेले. आकडा सांगितला नाही. त्यांनी विचारलं, मी म्हटलं, “डॉक्टर म्हणाले या आठवड्यात कधीही.” सोमवारी आणि बुधवारी जमलं. बुधवारी मला तपासणीचं टेबल आठवलं, पण मध्येच, पहिल्यापासून नाही. इंजेक्शन गुरुवारी रात्री झालं. शुक्रवारी ते दमून झोपले आणि मी उठवलं नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही, हेही लिहिते.

काल त्यांना हा धागा दाखवला. शेडवर झोपायला का गेले ते तेव्हा सांगितलं. रागानं नव्हे, माझ्या रडण्याचा आवाज ऐकवेना म्हणून. मी त्या रात्री रडले नव्हते. तसं सांगितल्यावर बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “मग मी कुणाचं ऐकत होतो?”

पाळीची तारीख अठरा आहे.