मदत हवी आहे : जपानी मोजणीत 'होन'चे कधी 'पोन' आणि कधी 'बोन' का होते?

घाईतला_विद्यार्थी
नमस्कार. येत्या रविवारी माझी जपानीची एन-५ परीक्षा आहे आणि मोजणीचे प्रत्यय अजूनही डोक्यात बसत नाहीत. काल वर्गात आठ उत्तरे लिहिली, त्यांपैकी सात चुकली. कारण विचारल्यावर बाईंनी 'पाठ करा' एवढेच सांगितले. मला पाठ करायचे नाही, नियम हवा आहे. कृपया लवकर सांगावे.

दप्तरदार
आपण नेमके काय लिहिले होते, ते दिल्याशिवाय कोणी काय सांगणार? सात चुका एकाच कारणाने झाल्या की सात वेगवेगळ्या कारणांनी, हे आधी कळायला हवे. शिवाय प्रश्न फक्त 'होन'चा आहे की माणसे आणि कागद मोजण्याचाही, तेही स्पष्ट करावे.

रेवा
'होन' म्हणजे पुस्तक हे खरे, पण पुस्तके मोजताना 'होन' वापरत नाहीत, 'सात्सु' वापरतात. एक पुस्तक म्हणजे 'इस्सात्सु', दोन म्हणजे 'निसात्सु'. माझाही सुरुवातीला हाच गोंधळ होत असे. आपली चूक तिथेच असणार.

घाईतला_विद्यार्थी
रेवाताई, मी पुस्तकांबद्दल विचारलेलेच नाही. लांबट वस्तूंच्या 'होन'बद्दल विचारले आहे. मला वाटले होते, ते उघडच आहे.

सूत्रधार
नियम अगदी सोपा आहे, उगाच बाऊ करू नये. आधीच्या संख्येच्या शेवटी 'न' आला की 'ह'चा 'ब' होतो, आणि संख्या आखडली की 'प' होतो. म्हणून 'सान' अधिक 'होन' म्हणजे 'साम्बोन'. आपल्याकडे 'संबंध' लिहितो आणि 'सम्बंध' म्हणतो, तसेच 'न'चे तोंडातल्या तोंडात 'म' होते. हे एक सूत्र लक्षात ठेवले की सगळे प्रत्यय सुटतात.

नागोयाकर
सूत्रधारजी, 'साम्बोन'चा उच्चार तुम्ही बरोबर पकडला आहे, पण हे सूत्र चारवर लगेच मोडते. चार बाटल्या 'योन्होन' असतात, 'योम्बोन' कधीच नसतात. मिनिटांचा प्रत्ययही 'ह'च्याच गटातला आहे, परंतु तीन मिनिटे म्हणजे 'साम्पुन', तिथे 'ब' नव्हे तर 'प' येतो. धागाकर्त्याने आपली उत्तरे दिली तर मला पुढे बोलता येईल. अकरा वर्षे इथे राहून या चुका मीही दुकानाच्या काउंटरवर उभा राहून केल्या आहेत.

घाईतला_विद्यार्थी
बरे, देतो. एक पेन्सिल 'इचिहोन', तीन छत्र्या 'सान्होन', चार बाटल्या 'योन्बोन', सहा केळी 'रोकुहोन', दहा उदबत्त्या 'जुप्पोन', दोन मित्र 'निनिन', चार मित्र 'योन्निन' आणि तीन तिकिटे 'सान्माइ'. यातले फक्त तिकिटांचे उत्तर बरोबर आले, आणि ते का बरोबर आले हेही मला कळलेले नाही.

दप्तरदार
पाहा, हे पहिल्याच वेळी लिहिले असते तर निम्मा धागा वाचला असता.

नागोयाकर
आता चित्र स्पष्ट झाले. यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत, आणि सर्वांत सोपी तिकिटांची आहे. 'माइ' हा चपट्या वस्तूंचा प्रत्यय 'म'ने सुरू होतो आणि 'म'ला काहीच होत नाही. इचिमाइ, निमाइ, साम्माइ, योन्माइ, रोकुमाइ, हाचिमाइ, जूमाइ. कागद, तिकीट, शर्ट, ताटली, पावाचा काप, सगळे असेच मोजावे. इथल्या भारतीय हॉटेलांत नानसुद्धा 'इचिमाइ' असतो.

आता 'होन'. फार जुन्या काळी जपानीतला आजचा 'ह' हा 'प' होता. चिनी भाषेतून संख्या आल्या त्या वेळी एक, सहा, आठ आणि दहा यांच्या शेवटी व्यंजन होते, ढोबळपणे 'इत्', 'रोक्', 'हात्' आणि 'जिप्' असे. एकटे उच्चारताना जपान्यांनी त्यांना शेवटी स्वर जोडला आणि 'इचि', 'रोकु', 'हाचि' तयार झाले, पण पुढे 'पोन' आला की स्वराऐवजी दोन व्यंजने एकमेकांना चिकटली. 'इत्' आणि 'पोन' मिळून 'इप्पोन' झाले. आपल्या 'सप्त'चे प्राकृतात 'सत्त' झाले, तेव्हा जीभ याच वाटेने गेली होती. पुढे सुट्या 'प'चा 'ह' झाला, पण जोडाक्षरात अडकलेला 'प' तसाच राहिला. म्हणून इप्पोन, रोप्पोन, हाप्पोन आणि शंभराला ह्याप्पोन.

थोडक्यात, 'होन'चे 'पोन' होते असे समजू नका. 'पोन'चे 'होन' झाले, आणि चार-पाच ठिकाणी व्हायचे राहून गेले, असे समजा.

मडगावकर
याला एक चांगला पुरावा आहे. नागासाकी येथे 1603 साली पोर्तुगीज धर्मप्रचारकांनी जपानी-पोर्तुगीज कोश छापला, त्यात 'निहोन' हे देशाचे नाव रोमन लिपीत Nifon असे लिहिलेले आहे. म्हणजे त्या वेळी 'प' सुटला होता, पण 'ह' अजून पूर्ण आला नव्हता. ओठांतून फुंकर मारल्यासारखा 'फ' होता. ही मंडळी पूर्वेकडे जाताना आमच्या गोव्यावरूनच जात असत, म्हणून मला या कोशाबद्दल विशेष जिव्हाळा आहे.

ज्युदोचे_बाबा
माझी मुलगी ज्युदो शिकते. त्यात पूर्ण गुण मिळाला की पंच हात सरळ वर करून 'इप्पोन' असे ओरडतात. तो हाच 'इप्पोन' आहे काय? तसे असेल तर पेन्सिल आणि धोबीपछाड यांत लांबट काय आहे?

नागोयाकर
तोच आहे. 'होन' केवळ काठीसारख्या वस्तूंपुरता राहिलेला नाही. रस्ता, नदी, टेलिफोनचा कॉल, चित्रपट, बेसबॉलमधला होम रनसुद्धा 'होन'नेच मोजतात. धागाकर्त्याला मात्र रविवारपर्यंत पेन्सिल, छत्री, बाटली आणि केळे एवढे पुरेसे आहे.

सूत्रधार
इतिहास रोचक आहे, परंतु माझ्या आक्षेपाचे उत्तर मिळालेले नाही. 'सान' आणि 'योन' दोन्ही 'न'मध्ये संपतात. मग एकाला 'बोन' आणि दुसऱ्याला 'होन' का?

नागोयाकर
कारण 'सान' चिनीतून आलेला आहे आणि 'योन' अस्सल जपानी आहे. चिनी चार म्हणजे 'शि', आणि 'शि' म्हणजे मृत्यूसुद्धा, म्हणून मोजताना लोक तो टाळू लागले व त्याच्या जागी 'योन' बसवला. 'शि'च्या शेवटी 'न' नव्हताच, त्यामुळे तिथे 'शिहोन' असेच म्हणत असत. नवा भाडेकरू आला, पण घराची मांडणी जुनीच राहिली. 'सान' मात्र मुळात 'साम्' होता. मिटलेल्या ओठांपुढे 'प' आला, त्याला घोष मिळाला आणि 'साम्बोन' झाले. हजाराचे 'सेम्बोन'ही 'न'मुळेच होते.

सूत्रधार
मग 'किती' विचारताना 'नाम्बोन' का म्हणतात? 'नान' हाही अस्सल जपानीच आहे ना?

नागोयाकर
आहे, आणि हा आक्षेप रास्त आहे. 'नाम्बोन' 'साम्बोन'च्या वळणावर गेला, 'योन्होन' गेला नाही. परीक्षार्थीने तीन आणि 'किती' यांची जोडी लक्षात ठेवावी: 'साम्बोन, नाम्बोन'.

सायली_कु
माणसांचे कोणीच सांगितले नाही, म्हणून मी सांगते. मी मराठी माध्यमात शिकवते आणि मला हे आपल्यासारखेच वाटते. आपण 'दोन माणसे' म्हणत असलो तरी 'दोघे, तिघे, चौघे' असे खास शब्द आपल्याकडे आहेत आणि पाचापासून 'पाचजण, सहाजण' सुरू होते. जपानीत खास शब्द दोनच उरले आहेत, 'हितोरी' आणि 'फुतारी'. तिथून पुढे 'सान्निन', 'योनिन', 'गोनिन'. गंमत म्हणजे 'हितोरी'चा अर्थ 'एक जण' असाही होतो आणि 'एकटा' असाही होतो. 'निनिन' म्हणणे म्हणजे आपल्याकडे 'दोनजण आले' म्हणण्यासारखे. समजते, पण कानाला खटकते.

नागोयाकर
सुंदर उदाहरण दिलेत. एकच पुरवणी जोडतो. खटकणे जपानीत थोडे अधिक आहे, तिथे 'निनिन' चूकच धरतात. मात्र एकवीस माणसे 'निजूइचिनिन' होतात, तिथे 'हितोरी' परत येत नाही. जेवणाच्या एका वाढपालाही 'इचिनिनमाए' म्हणतात, त्यामुळे पाटीवर 'इचिनिन' दिसले तर गोंधळू नये. आणि चार माणसांना 'योन्निन' नाही, 'योनिन'. 'यो' आखूड ठेवायचा, जसा चार वाजताच्या 'योजि'मध्ये आणि चार येनच्या 'योएन'मध्ये राहतो. हॉटेलात शिरल्यावर 'नान्मेइसामा देस्का' असे विचारतात, तेव्हा 'योनिन देस' म्हणावे. त्यांचा 'मेइसामा' हा आदराचा शब्द आहे, तो स्वतःला लावून घेऊ नये.

घाईतला_विद्यार्थी
मग उदबत्त्यांचे 'जुप्पोन' का चुकले? तुमच्याच तर्काने ते बरोबर दिसते.

मडगावकर
'जिप्' या मुळाप्रमाणे 'जिप्पोन' हेच शुद्ध आहे. बाईंचे बरोबर आहे.

नागोयाकर
मला हे मान्य नाही. मूळ 'जिप्पोन' आहे, यात वाद नाही, परंतु इथे रोज कानावर पडते ते 'जुप्पोन'. जपान सरकारने 2010 साली रोजच्या वापरातील चित्रलिपीची यादी सुधारली, तेव्हा दहाच्या चिन्हापुढे 'जुप्' हाही उच्चार चालतो अशी टीप जोडली. त्यामुळे हे उत्तर चूक ठरवणे मला कठोरपणाचे वाटते. बाईंना नम्रपणे दाखवून पाहा.

मडगावकर
टीप जोडली, मूळ नोंद बदलली नाही. फरक लक्षात घ्यावा.

रेवा
मला एक सांगा, आपला मसाला डोसा कसा मोजतील? तव्यावर असतो तेव्हा चपटा आणि ताटात येतो तेव्हा लांबट.

ज्युदोचे_बाबा
गुंडाळून आला तर 'इप्पोन'. पंचांनी हात वर केलाच पाहिजे.

सायली_कु
माझ्या मते 'इचिमाइ'. गुंडाळले म्हणून कागदाचे नाते कागदाशी तुटत नाही.

घाईतला_विद्यार्थी
डोसा राहू द्या. मी पुन्हा सगळे लिहून काढले आहे: इप्पोन, निहोन, साम्बोन, योन्होन, गोहोन, रोप्पोन, शिप्पोन, हाप्पोन, क्यूहोन, जुप्पोन. सातसाठी तोच नियम लावला. 'शिचि'च्या शेवटीही जुना 'त्' असणार, म्हणून 'शिप्पोन'. आता तरी बरोबर आहे ना?

नागोयाकर
तुमचा तर्क अचूक आहे आणि उत्तर चुकीचे आहे. 'शिचि'च्या शेवटी 'त्' होताच, पण 'शिप्पोन' कोणी म्हणत नाही. सातला 'नानाहोन' म्हणा. 'नाना' हाही 'योन'सारखा घरचाच शब्द आहे, त्यामुळे पुढचा 'होन' जसाच्या तसा राहतो. माणसांसाठी मात्र 'शिचिनिन' आणि 'नानानिन' दोन्ही कानावर पडतील. आणखी एक, ऐकण्याच्या प्रश्नांत 'निहोन' आले तर जोर कुठे आहे ते पाहा. दोन बाटल्यांच्या 'निहोन'मध्ये 'नि' उंच असतो, देशाच्या 'निहोन'मध्ये 'हो' उंच असतो.

घाईतला_विद्यार्थी
म्हणजे सात शेवटी पाठच करायचा.

दप्तरदार
बाईंनी काल हेच सांगितले होते.