चर्चा: 'पोया' – नात एका पिढीत बोली टाकते, हे पटतं का?

ओसरी_अकोट

छोटी कथा आहे. अकोटजवळचं खेडं, घरातले बैल दोन वर्षांपूर्वी विकलेले. वाचा आणि सांगा, आजी-नात खऱ्या वाटतात का? नात इतक्या लवकर बोली टाकेल का?

पोळ्याचा आदला दिवस. सातवीतली नात ओसरीवर वही घेऊन बसली होती.

"काय लिवून रायली वं?"

"पोळ्यावर निबंध."

"पोया म्हन."

"पोया लिहिलं की बाई लाल पेनानं गोल करतात."

आजी जवळ सरकली. "बरं, बैलाले काय काय घालतात थे लिवलं का?"

"झूल, बेगड आणि नवीन दोर."

"दोर कायचा? मोरकी म्हन. अन् नाकात येसन."

"बेसन?"

आजी पोट धरून हसली. मग तिनं सगळं सांगितलं: खांदशेकनीले खांद्याले लोनी-हयद लावतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणतात, मग मठाठ्या, मग घागरमाया. नातीला वाटलं, हे जपून ठेवावं. तिनं मोबाईल समोर धरला. "आजी, आता पुन्हा सांग."

आजीनं पदर नीट केला, घसा खाकरला. "मला असं सांगायचं आहे की पोळा हा सण शेतकऱ्यांचा आहे…"

"आजी! मला काय म्हनतं? मले म्हन ना, मले!"

लिंबाचा_पार

कथा गोड आहे, म्हणूनच पटली नाही. शेवटी नात 'मले' म्हणते, तिथे तुम्ही वाचकाला गोळी देऊन झोपवलंत. आमच्या गावातली सातवीची पोरं असं बोलत नाहीत. टीव्ही आला आणि बोली गेली, एवढी सोपी गोष्ट आहे. मालिकेतली सासू ज्या मराठीत बोलते तेच मराठी आता घरात आहे. आजी गेली की 'मोरकी' गेली आणि 'पोया'ही गेला.

धुऱ्यावरून

मी निवृत्त शिक्षक. नोकरीत असल्यापासून पोरांची बोली वहीत टिपायची सवय आहे.

लिंबाचा पार, 'मोरकी' आणि 'पोया' एका वाक्यात घालू नका. मोरकी जाते कारण बैल गेला. वस्तू गोठ्यात नाही तर पोरीनं तो शब्द कुणाशी बोलावा? पोया मात्र दरवर्षी येतो, पोरगी तो सण पाहते, पुरणाची पोई खाते, तरी तोंडातून 'पोळा' निघतो. इथे वस्तू जागेवर आहे आणि उच्चार बदलला आहे. पहिल्या प्रकारात कुणी काही चूक ठरवलेलं नसतं. दुसऱ्यात कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि कथेत ते लाल पेनानं दिसतं.

टीव्हीचं म्हणाल, तर टीव्हीला उलट उत्तर द्यावं लागत नाही. त्याच्याकडून पोरं शब्द उचलतात, पण 'मले'चं 'मला' किंवा ळ-यची अदलाबदल सहसा तिथून येत नाही. ती माणसाशी बोलताना होते, विशेषतः जो हसेल किंवा मार्क कापेल त्याच्याशी. आमच्याकडे हे पाठ्यपुस्तकातून आलं. १९५६च्या नोव्हेंबरपर्यंत वऱ्हाड मुंबईला जोडलेलाच नव्हता, आपली राजधानी नागपूर होती. बालभारती १९६७ सालची. या कथेतली आजी सत्तरीच्या पुढची धरली आणि चौथीपर्यंत शिकली असेल, तर बालभारतीच्या आधी शिकली. तिच्या सुनेपासून मात्र सगळ्यांच्या दप्तरात तीच पुस्तकं.

बोली घरात जिवंत आहे का, हे ओळखायची माझी खूण वेगळी होती. पोरगं चूक कुठे करतं ते बघायचं. घरी डोळ्याला 'डोया' म्हणणाऱ्या पोराला शाळेत कळतं की 'य'च्या जागी 'ळ' लिहायचा. मग तो नको तिथेही लिहितो. माझ्या वर्गात एकानं लिहिलं होतं, 'गाळ आपल्याला दूध देते.' सगळे हसले. मला बरं वाटलं, कारण ही चूक ज्याच्या घरी 'काया', 'डोया', 'केई' बोलतात त्याच्याकडूनच होऊ शकते. ज्याच्या घरी पहिल्यापासून 'ळ' आहे त्याला गायीचा गाळ करायचं कारणच नाही. नोकरीच्या शेवटी शेवटी असल्या चुका कमी झाल्या, तेव्हा मी जरा धास्तावलो.

पवनीची_लेक

कथेत आई कुठे आहे? आजी आहे, नात आहे, मधली बाई गायब.

मी भंडारा जिल्ह्यातली, पवनीकडची. लग्न होऊन अमरावती जिल्ह्यात आले. माझ्या माहेरी 'ळ'चा 'र' होतो: डोरा, कारा. सासूबाई म्हणतात डोया. मुलगा शाळेतून आला की डोळा. सुरुवातीला सासूबाई मला म्हणायच्या, "बाई, तुह्या डोऱ्यात काय गेलं?" आणि जावा हसायच्या. मग मी मुलाशी दोन्हीपैकी काहीच न बोलता पुस्तकी बोलू लागले. ते मला शाळेनं नाही शिकवलं, जावांनी शिकवलं.

म्हणून 'एका घरातली बोली' असं कुणी म्हटलं की मला प्रश्न पडतो, कुणाची? बाया दुसऱ्या गावाहून येतात आणि पोरांना बोलायला त्याच शिकवतात.

धुऱ्यावरून

हे माझ्या वहीत नव्हतं. मी बापाचं गाव लिहायचो, आईचं नाही.

खडू_फळा

मी आजही शिकवते, झेडपीच्या शाळेत. लाल पेनवाली बाई प्रत्येक कथेत खलनायिका का असते? दहावीचा पेपर कुठे तपासला जाईल ते मला माहीत नाही. तपासणाऱ्याला 'पोया' कळेलच याची हमी कोण देतो? मार्क पोरीचे जातात, कथालेखकाचे नाही. मी वर्गात 'काहून आला नाई बे काल?' असंच बोलते आणि वहीत गोल करते. पोरांना दोन्ही जमतं. शेतात काय घालायचं आणि लग्नात काय घालायचं, हे आईनं शिकवलं तर तिला कुणी दोष देत नाही.

धुऱ्यावरून सर, तुम्हीही कधीकाळी 'गाळ'वर गोल केलाच असेल ना?

धुऱ्यावरून

केला. 'गाळ'वर केला, 'पोया'वरही केला. पण 'पोया'च्या बाजूला 'घरी बरोबर, पेपरात पोळा' असं लिहायचो. तेवढ्यानं काय फरक पडला, हे मी सांगू शकत नाही.

बंडीवाला

तुमी सगळे भाषेवर बोलून रायले, खरा मुद्दा बैल हाय. बैलजोडी पोसनं परवडत नाई, चारा नाई, सालदार भेटत नाई. सोयाबीन आलं तशी जवारी कमी झाली, अन् जवारी गेली तं कडबा गेला. कडबा नाई तं बैल खाईन काय? कथेत थे लिवा.

अन् एक. सगळं गेलं असं नाई. पेरनी ट्रॅक्टरनं होते, पन पीक वर आल्यावर तासातून डवरा मारा लागते, तठी ट्रॅक्टर घुसवला तं पीक तुडवते. बैल नसला तं लोकं भाड्यानं जोडी आनतात, काई जन सायकलचं चाक लावून हातानं डवरा ढकलतात. म्हनून माह्या पोराले मोरकी मालूम नाई, पन डवरा अन् डवरनी बराबर मालूम हाय. तणनाशक फवारनारे वाढले, तं पुढचं सांगता येत नाई.

लिंबाचा_पार

बंडीवाले भाऊ, तुम्ही विषय बैलावर नेलात, पण माझंच म्हणणं सिद्ध केलंत. जातंय सगळं.

बंडीवाला

डवरा हाय म्हनलं ना मी! वाचत जा.

सांबारवडी

स्वयंपाकघराकडे कुणी बघतच नाही. मी पुण्यात नोकरी करते, 'मला', 'तुला' सगळं सफाईदार. पण भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागताना आजही तोंडातून 'सांबार द्या' निघतं आणि तो मसाल्याच्या पुडीकडे हात करतो. भेद्रं मात्र आमच्या आईपाशीच थांबलं, मी टमाटरच म्हणत वाढले. आणि आजी बटाट्याला आलू म्हणते, ते तरी कुठे अस्सल वऱ्हाडी? आजीची बोली म्हणजे मुळातली बोली, हे या कथेनं गृहीत धरलंय. आजीच्या आजीनं आजीचंही काहीतरी ऐकून नाक मुरडलं असणार.

शेवटच्या 'मले'बद्दल माझं मत लिंबाचा पार यांच्या उलट कारणानं वाईट आहे. पोरगी 'मले' म्हणत नाही, ती आजीची नक्कल मागते आहे. मोबाईलवर वऱ्हाडी आता हसवायला असते, पोरींना ते माहीत असतं. 'मले म्हन' याचा अर्थ 'गंमत कर' असाही होतो.

ओसरी_अकोट

पण तिच्याच वाक्यात 'म्हन' आहे. ते ती नक्कल म्हणून बोलत नाहीये, चिडून बोलली आहे. आधी बघा, ती 'लिहिलं', 'करतात' असं नीट बोलते.

धुऱ्यावरून

ते मला दिसलं होतं. चिडल्यावर, हिशेब करताना, जनावराला हाकताना जे तोंडातून निघतं ते मी जास्त धरतो. विचारून काढलेलं कमी धरतो.

आणि त्याहून मोबाईलचा प्रसंग बघा. आजी स्वतः 'मला' म्हणते, सातवीतल्या पोरीसमोर. कथेत सगळे नातीकडे बघत आहेत, पण त्या पाच मिनिटांत बोली बदलली ती आजीनं. मी गावोगाव फिरलो तेव्हा हेच व्हायचं. 'याला तुमच्याकडे काय म्हणतात?' विचारलं की म्हातारी माणसं पुस्तकी शब्द शोधत बसायची. वस्तू हातात दिली, किंवा 'बैल विहिरीत पडला तेव्हा काय झालं?' असं विचारलं की चौथ्या वाक्याला 'मले', 'तठी', 'काहून' आपोआप येत. नातीनं 'पुन्हा सांग' म्हटलं, तिथेच आजी भाषण करायला उभी राहिली.

आता तुमचा मूळ प्रश्न. आजी आणि नात शेजारी बसवून 'बोली बदलली' म्हणणं कच्चं आहे. बारा वर्षांची पोरगी शाळेच्या धाकात असते. तीच चाळीशीत घर, वावर, ग्रामपंचायत सांभाळताना पुन्हा 'मले'वर येऊ शकते. माझे कितीतरी विद्यार्थी तसे आले, जे गावात राहिले ते. जे अमरावती-पुण्याला गेले ते नाही आले. खरं कळायचं तर आई आज कशी बोलते आणि सातवीत कशी बोलायची, हे आजीला विचारायला हवं. तेही आजीच्या आठवणीवर, म्हणजे पुन्हा अर्धवटच.

पवनीची_लेक

म्हणजे आई लागतेच.

ओसरी_अकोट

आई येईल. तिचं माहेर दर्यापूरकडे ठेवायचं की भंडाऱ्याकडे, हे ठरत नाहीये. भंडारा घेतला तर पवनीची लेक यांच्या जावा कथेत घुसतील. बाईंचं लाल पेन ठेवते आहे, खडू फळा यांना आवडलं नाही तरी.

खडू_फळा

ठेवा. पण बाईला वर्गात एक वाक्य वऱ्हाडीत बोलू द्या.

बंडीवाला

अन् पोयाले येसन नवी घालतात म्हना, जुनी नाई. कथेत नुसती येसन लिवली हाय.