डिटेक्टर म्हणतोय ८७% एआय, मुलगा म्हणतो मीच लिहिलंय. मदत हवी आहे, उद्या पालक येणार

कळवा_फास्ट
ठाण्यात ज्युनिअर कॉलेजला शिकवते. अकरावीच्या एका मुलाचा प्रोजेक्ट डिटेक्टरमध्ये टाकला, ८७% आला. प्रिन्सिपल सर म्हणतात शून्य द्या, पालकांना बोलवा. मुलगा रडकुंडीला आलाय. निकालावर विश्वास ठेवायचा की नाही हे कसं तपासायचं? यादी द्या. एआय चांगलं की वाईट ही चर्चा कृपया नको. उद्या दहा वाजता मीटिंग आहे.

घणसोली७
कुठला डिटेक्टर? कुठली भाषा? किती शब्द? मुलाचं आधीचं शिक्षण कुठल्या माध्यमातून?

नौपाड्याचे_नाना
सगळं वर्गात हाताने लिहून घ्या. प्रश्न मिटला.

कळवा_फास्ट
नाना, प्रोजेक्ट जमा झालाय हो. डिटेक्टर फुकटातला, शोधल्यावर पहिला आला तो. इंग्रजी, 'ठाणे खाडीतले फ्लेमिंगो', जेमतेम पानभर, १८० शब्द असतील. मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात. याने काय फरक पडतो?

वाशी_ब्रिज
सोपं आहे. मजकूर चॅटजीपीटीत टाका आणि विचारा, "हे तू लिहिलंस का?" मी असेच दोन पकडले.

जुना_मॉडरेटर
वाशी, तुमचे ते दोघे कदाचित निर्दोष असतील. दुसऱ्याच्या खात्यावर काय लिहून दिलं हे चॅटजीपीटीला माहीत नसतं, तो अंदाजाने हो म्हणतो. स्वतःचा जुना निबंध टाकून बघा.

मॅडम, फरक माध्यमानेच पडतो. बरेच डिटेक्टर पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो हे बघतात. इंग्रजी दुसरी भाषा असलेला मुलगा पाठ झालेली, साधी वाक्यं लिहितो, ती सहज ओळखता येतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांचे ९१ टोफेल निबंध सात डिटेक्टरना दिले. सरासरी निम्म्याहून जास्त एआयचे ठरले. अमेरिकन आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले.

शिवाय १८० शब्द फार कमी. कॉलेजांत नक्कल तपासायला वापरतात ते टर्निटिनसुद्धा ३०० शब्दांखाली एआयचा आकडा देत नाही. आणि ८७% म्हणजे "८७ टक्के खात्री" असंच नसतं. काही ठिकाणी तो मजकुराचा किती भाग संशयित आहे याचा आकडा असतो. तुमच्या साइटवर तो नेमका कशाचा आहे, हे लिहिलंय का बघा.

यादीतलं मुख्य काम आज रात्रीच करा. नोव्हेंबर २०२२ च्या आधीचे, म्हणजे चॅटजीपीटी येण्यापूर्वीचे, तुमच्याच मुलांचे हस्तलिखित निबंध काढा. साधारण तेवढ्याच लांबीचे दहा. चुकांसकट टाइप करा, नावं टाकू नका, आणि त्याच डिटेक्टरला द्या. किती जणांवर आळ येतो ते मोजा.

घणसोली७
आणि पाच निबंध मुद्दाम एआयकडून लिहून घेऊन तेही टाका. नाहीतर सगळ्यांनाच माणूस म्हणणारा डिटेक्टर गुणी वाटेल.

ऐरोलीची_सई
माझा सीव्ही पण ९०% आला होता! नोकरीला अडचण येईल का?

घणसोली७
सई, वेगळा धागा काढ गं.

वाशी_ब्रिज
डिटेक्टर इतके वाईट असते तर कंपन्यांनी बाजारात आणलेच नसते.

जुना_मॉडरेटर
चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये आणला आणि जुलैमध्ये मागे घेतला. त्यांच्याच चाचणीत एआयच्या शंभर मजकुरांतले २६ सापडले होते आणि माणसांच्या शंभरातले ९ उगाच अडकले होते. साठच्या वर्गात सगळ्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं तरी पाचसहा मुलं गोत्यात.

कळवा_फास्ट
रात्रीचे साडेअकरा. दहा जुने निबंध टाइप केले, बोटं दुखली. दहापैकी तीन जणांना ५०% च्या वर! त्यातला एक २०१९ चा, पेनाने लिहिलेला, माझ्याच लाल शाईच्या खुणा असलेला. एआयच्या पाचांपैकी चार पकडले.

जुना_मॉडरेटर
मग या निकालावर शून्य देता येणार नाही. दहापैकी एकही अडकला नसता तरी मी निर्धास्त झालो नसतो, दहा हा आकडा लहान आहे. उद्या मुलाला कच्चं लिखाण आणायला सांगा. गुगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर 'Version history' उघडा. सगळा मजकूर एका फटक्यात आलाय की थोडा थोडा, ते दिसेल. पण एका फटक्यात आला म्हणजे चोरी असंही नाही, लगेच कारण विचारा.

कळवा_फास्ट
मीटिंग झाली. मजकूर एकदमच चिकटवलेला निघाला. पण त्याने वही आणली होती. दोन पानं मराठीत, 'बगळे' खोडून फ्लेमिंगोचं मराठी नाव 'रोहित', ऐरोलीच्या जेट्टीवरच्या बोटीचं तिकीट टाचणीने लावलेलं. ते त्याने फोनवर भाषांतर करून चिकटवलं.

वाशी_ब्रिज
म्हणजे मशीनचंच की! मी म्हणत होतो.

घणसोली७
विचार त्याचे, निरीक्षण त्याचं. प्रोजेक्ट पर्यावरणाचा की इंग्रजीचा?

कळवा_फास्ट
पर्यावरणाचा. पण भाषेला २० पैकी ५ मार्क आहेत, आणि भाषांतराबद्दल नियमात अवाक्षर नाही.

जुना_मॉडरेटर
त्या पाचांचं बोलू. बाकीचे १५ वही बघून द्या.

नौपाड्याचे_नाना
तरी म्हणत होतो, हाताने लिहून घ्या.